बॅकवर्ड ऑयलर आणि प्रत्येक पावलावरचा न्यूटन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादरला रविवारी सकाळी काही विद्यार्थ्यांकडून न्यूमरिकल मेथड्सची प्रॅक्टिकल करून घेतो. कोणी डोंबिवलीहून येतं, कोणी वसईहून, आणि दरवर्षी प्रश्न साधारण तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. सगळं स्पष्टीकरण एकाच समीकरणावर केलं आहे, कारण दर प्रश्नाला नवं उदाहरण घेतलं की मुद्दा हातातून निसटतो.

कोणतं समीकरण घेतलं आहे?

काडी ओढल्यावर होणाऱ्या ज्योतीचं. ज्योतीचा गोळा आधी झपाट्याने वाढतो आणि मग एका ठरावीक आकाराला थांबतो. आतल्या भागात जितका ऑक्सिजन जळतो तितकाच पृष्ठभागातून आत येऊ लागला, की वाढ संपते. पृष्ठभाग त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो आणि घनफळ घनाच्या, म्हणून समीकरण असं होतं:

```
y' = y^2 - y^3,   y(0) = 0.02,   0 <= t <= 100
```

`y` म्हणजे ज्योतीची त्रिज्या, अंतिम त्रिज्या १ धरून. हे छोटं मॉडेल गणितज्ञ लॉरेन्स शॅम्पाइन यांच्या नावावर आहे. शिकवायला मला ते फार आवडतं, कारण एकाच समीकरणात तीन वेगवेगळे काळ दिसतात. बराच वेळ जवळजवळ काहीच घडत नाही, पावसाळ्यात दमट काडी नुसती धुमसत राहावी तसं. मग एकदम भडका, आणि त्यानंतर पूर्ण स्थिरता. त्याचं नेमकं उत्तर हाताने काढता येतं, त्यामुळे आपली पद्धत किती चुकली हे तपासता येतं. त्या उत्तरानुसार `y` ला ०.५ व्हायला `t` = ५१.९ इतका वेळ लागतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

साधी फॉरवर्ड ऑयलर पद्धत का चालत नाही?

फॉरवर्ड ऑयलर म्हणजे आताच्या उताराला पावलाच्या लांबीने गुणून ते `y` मध्ये मिळवायचं. भडक्यापर्यंत ती चालते. अडचण येते ती भडका होऊन गेल्यावर, म्हणजे जेव्हा काहीच बदलत नसतं तेव्हा, आणि विद्यार्थ्यांना हेच पटायला जड जातं. `y` १ च्या जवळ असताना उजव्या बाजूचा डेरिव्हेटिव्ह `2y - 3y^2` म्हणजे −१ असतो. त्यामुळे पाऊल `h` २ पेक्षा मोठं घेतलं, की फॉरवर्ड ऑयलरमधली बारीकशी चूक दर पावलाला वाढत जाते. समजा `y` = ०.९५ आहे आणि `h` = १०० घेतलं. पहिल्या पावलात उत्तर ५.४६ येतं आणि दुसऱ्यात वजा १३,३१० च्या आसपास. ज्योत तर जागची हललेलीसुद्धा नसते.

उत्तर सपाट असूनही पद्धत पाऊल लहान ठेवायला भाग पाडते, अशा समीकरणांना १९५२ मध्ये कर्टिस आणि हर्शफेल्डर यांनी स्टिफ म्हटलं. आपल्या उदाहरणात सुरुवातीची त्रिज्या ०.०२ ऐवजी ०.०००१ घेतली, तर एकूण काळ २०,००० एककांपर्यंत लांबतो आणि त्यातला अर्धा या सपाट भागात जातो. `h` २ च्या खाली ठेवून तो चालायचा म्हणजे नुसत्या स्थिर ज्योतीसाठी पाच हजारांवर पावलं.

बॅकवर्ड ऑयलर नेमकं वेगळं काय करते?

फॉरवर्ड पद्धत उतार जुन्या बिंदूवर मोजते, बॅकवर्ड पद्धत नव्या. नवी किंमत `z` म्हटली तर:

```
z = y + h*(z^2 - z^3)
```

आता `z` दोन्ही बाजूंना आहे. ते नुसतं मोजून मिळत नाही, सोडवावं लागतं. म्हणून सगळं एका बाजूला आणून `g(z) = z - y - h*(z^2 - z^3)` असं लिहायचं आणि `g` चं मूळ शोधायचं. हे काम न्यूटनची पद्धत करते:

```
g'(z) = 1 - h*(2z - 3z^2)
z_नवा = z - g(z)/g'(z)
```

दर पावलाला एक समीकरण आणि त्या समीकरणासाठी न्यूटनच्या काही फेऱ्या, असं हे दुहेरी चक्र आहे. बाहेरचं चक्र वेळेत पुढे सरकतं. आतलं चक्र वेळेत जागेवरच उभं राहून `z` नीट करतं. विद्यार्थ्यांची पहिली चूक बहुतेक इथेच होते. आतल्या फेरीत `z` बरोबर `y` सुद्धा बदलून टाकतात. `y` हे मागच्या पावलाचं पक्कं उत्तर आहे. आतलं चक्र संपेपर्यंत त्याला हात लावायचा नाही.

एक पाऊल हाताने करून दाखवाल का?

दाखवतो. कॅल्क्युलेटर घेऊन बरोबर करा, नुसतं वाचून हे अंगवळणी पडत नाही. ज्योत वाढत असतानाचा क्षण घेऊ: `y` = ०.२, `h` = २. सुरुवातीचा अंदाज म्हणून `z` = ०.२ च धरू.

```
फेरी    z          g(z)        g'(z)
0     0.20000   -0.06400     0.4400
1     0.34545   -0.01077     0.3342
2     0.37768    0.00014     0.3451
3     0.37727    0.00000
```

`g(z)` चा रकाना बघा, त्यालाच शेष म्हणतात. शेष ०.०६४ वरून ०.०१, मग ०.०००१४. तिसऱ्या फेरीनंतर तो ०.०००००००५ च्या घरात असतो. आधी थोडा रेंगाळतो आणि मुळाजवळ आला की बरोबर आकड्यांची संख्या दर फेरीला साधारण दुप्पट होते. न्यूटन नीट चालला आहे याची खूण हीच, म्हणून मी प्रत्येकाला शेषाचा रकाना छापायला लावतो. नुसतं शेवटचं उत्तर छापलं, तर आत काय झालं ते कधीच कळत नाही.

शेष शून्याला टेकला, म्हणजे उत्तर बरोबर ना?

नाही. या पानावर एकच प्रश्न ठेवायचा असता, तर मी हा ठेवला असता.

वरच्या पावलाचं उत्तर ०.३७७३ आलं. मूळ अवकल समीकरण नेमकं सोडवलं, तर ०.२ पासून दोन एकक वेळेनंतर `y` असायला हवा ०.२८७५. म्हणजे जवळजवळ ०.०९ ची चूक, आणि तीही शेष सातव्या दशांश स्थळापर्यंत शून्य असताना. न्यूटनने काही चूक केलेली नाही. त्याला जे समीकरण दिलं ते त्याने चोख सोडवलं. चूक त्या समीकरणातच आहे, कारण दोन एककांच्या पूर्ण पावलाचा उतार आपण एकट्या शेवटच्या बिंदूवरून ठरवला, आणि ज्योत भडकत असताना तिथला उतार सर्वांत जास्त असतो.

आणखी एक गोष्ट लपवून ठेवू नये. त्याच पावलात फॉरवर्ड ऑयलरचं उत्तर ०.२६४ येतं, म्हणजे खऱ्याच्या जास्त जवळ. बॅकवर्ड पद्धतीची ताकद स्थिरतेत आहे, अचूकतेत नाही. दोन्ही पद्धती पहिल्याच कोटीच्या आहेत. पाऊल अर्धं करून, म्हणजे `h` = १ ची दोन पावलं टाकून बघितलं, तर बॅकवर्ड ऑयलर ०.३१२६ वर येते आणि चूक ०.०२५ पर्यंत उतरते. ही चूक पाऊल लहान केल्यानेच कमी होते. न्यूटनच्या फेऱ्या वाढवून ती तसूभरही हलत नाही. टॉलरन्स `1e-14` करून उत्तर सुधारेल या आशेवर बसलेले विद्यार्थी मी दरवर्षी पाहतो.

बॅकवर्ड ऑयलर कितीही मोठ्या पावलाला स्थिर असते असं पुस्तकात आहे. मग सुरुवातीपासून `h` = १० का घेऊ नये?

पुस्तकातलं ते विधान `y' = λy` या रेषीय समीकरणाबद्दल आहे, आणि λ ऋण असताना. आपलं समीकरण रेषीय नाही, आणि भडक्याच्या आधी त्याचा डेरिव्हेटिव्ह धन असतो. काय होतं ते आकड्यांतच बघू.

`y` = ०.०२, `h` = १०. आता `g(z)` ही तिसऱ्या घाताची राशी आहे आणि तिला तीन मुळं आहेत: ०.०२७२, ०.०८२६ आणि ०.८९०२. तिन्ही ठिकाणी शेष शून्य होतो. न्यूटनच्या दृष्टीने तिन्ही उत्तरं सारखीच योग्य आहेत. आपल्याला मात्र हवं आहे ते पहिलंच, कारण `h` हळूहळू शून्याकडे नेला तर तेवढंच मूळ `y` ला येऊन मिळतं. खरं उत्तर ०.०२४९ आहे, म्हणजे ०.०२७२ फार वाईट नाही.

कोणतं मूळ मिळेल हे सुरुवातीच्या अंदाजावर ठरतं. ०.०२ पासून निघालात तर ०.०२७२ ला पोचता. ०.०५ पासून निघालात तर पहिलीच उडी −०.०३३ वर जाते, त्रिज्या ऋण होते, पण पुढे सावरून तुम्ही ०.०२७२ लाच येता. ०.०६ पासून निघालात तर ०.०८२६ वर जाऊन बसता. ०.९ पासून निघालात तर ०.८९०२, आणि काडी ओढायच्या आधीच ज्योत पूर्ण.

मग सुरुवात जुन्या `y` पासूनच करावी का?

या समीकरणात हो, आणि त्याला कारण आहे. `y` हा हव्या त्या मुळाच्या डावीकडे असतो, आणि `z` एक तृतीयांशपेक्षा कमी असेपर्यंत `g` चा आलेख खाली वाकलेला असतो. अशा आलेखाची स्पर्शिका त्याच्या वरून जाते, म्हणून ती अक्षाला मुळाच्या अलीकडेच छेदते. न्यूटन डावीकडून पायरी पायरीने मुळाकडे सरकतो, ओलांडून जात नाही. लहान मूळ एक तृतीयांशच्या आत असेल, तर जुन्या `y` पासून निघून ते चुकत नाही.

पण वाक्यातला तो "असेल तर" महत्त्वाचा आहे. पुढच्या पावलात ते मूळ नसतंच.

नसतं म्हणजे?

`h` = १० ठेवून दुसरं पाऊल टाकू. आता `y` = ०.०२७२. `z - 10z^2 + 10z^3` या राशीचं पहिलं शिखर `z` = ०.०५४४ ला येतं आणि त्याची उंची फक्त ०.०२६४ आहे. आपला `y` त्यापेक्षा मोठा झाला. त्यामुळे आलेख अक्षापर्यंत पोचतच नाही, आणि दोन्ही लहान मुळं एकदम नाहीशी होतात. उरतं एकच, ०.८९१.

म्हणजे `h` = १० घेणाऱ्याची ज्योत `t` = २० ला ०.८९१ होते. खरी ज्योत त्या वेळी ०.०३२८ वर असते आणि अर्ध्यावर यायला तिला अजून बत्तीसएक एकक लागणार असतात. पद्धत फुटली नाही, उत्तर अनंताकडे गेलं नाही, आलेख दिसायला देखणा आहे. फक्त भडका भलत्याच वेळी झाला. मला सर्वांत जास्त भीती याच प्रकाराची वाटते, कारण नुसता आलेख पाहून कोणालाही शंका येणार नाही.

हे घडतंय हे कळणार कसं?

न्यूटनच्या फेऱ्या सांगतात. त्याच दुसऱ्या पावलात ०.०२७२ पासून निघाल्यावर `z` असा चालतो:

```
0.0272  0.0423  0.0521  0.0728  0.0609  0.0503  0.0636 ...
```

०.०५ ते ०.०७ च्या दरम्यान तो पुढे-मागे हेलपाटे घालतो आहे. शेष हजाराव्या भागाच्या आसपास अडकला आहे. नाहीशा झालेल्या मुळाच्या जागी आलेख अक्षाला जवळजवळ टेकतो, आणि न्यूटन तिथेच घुटमळतो. सोबत `g'` ची चिन्हं छापली तर ती +, +, +, −, −, + अशी बदलताना दिसतील. हव्या मुळाकडे जाताना `g'` ने चिन्ह बदलायला नको, कारण जुन्या `y` पासून त्या मुळापर्यंत तो धनच असतो. तेव्हा दोन खुणा लक्षात ठेवा: सहा-सात फेऱ्यांनंतरही शेष न उतरणं, आणि `g'` ऋण होणं. यातली एक जरी दिसली तरी ते पाऊल नाकारा.

फेऱ्यांची मर्यादा १०० ठेवणारा विद्यार्थी इथे फसतो. हेलपाटे घालता घालता न्यूटन कधी तरी लांब फेकला जातो आणि ०.८९१ ला जाऊन स्थिरावतो. प्रोग्राम म्हणतो, मूळ सापडलं. मी मर्यादा ८ ठेवतो. न्यूटनला आठ फेऱ्यांत जमलं नाही, तर दोष त्याच्या चिकाटीत नसून पावलाच्या लांबीत असतो.

किती `h` पर्यंत मूळ एकच असेल याची खात्री देता येते का?

येते. `2z - 3z^2` ची सर्वांत मोठी किंमत १/३ आहे, `z` = १/३ ला. म्हणून `h` ३ पेक्षा लहान असेल तर `g'` सगळीकडे धन राहतो, `g` सतत वाढत जातो आणि मूळ एकच असतं. एकच मूळ असणं आणि ते अचूक असणं या मात्र वेगळ्या गोष्टी आहेत. वरचं ०.०९ चुकलेलं पाऊल `h` = २ चंच होतं.

भडका संपल्यावर ही मर्यादा लागत नाही. `y` = ०.९५, `h` = १०० घ्या, जिथे फॉरवर्ड ऑयलर उधळली होती. न्यूटन ०.९५ वरून १.००५२, मग ०.९९९५७, मग ०.९९९५०. तीन फेऱ्यांत शंभर एकक पार. बॅकवर्ड ऑयलर वापरायची ती इथल्यासाठी.

माझा प्रोग्राम उत्तर बरोबर देतो, पण फेऱ्या वीस-बावीस लागतात. का?

डेरिव्हेटिव्ह चुकला आहे. बहुतेक वेळा `g'` मध्ये `h` लिहायचा राहिलेला असतो, म्हणजे `1 - (2z - 3z^2)`. आपलं हाताने केलेलं पाऊल या चुकीसह केलं तर शेष असा उतरतो: ०.०६४०, ०.०२९८, ०.०१४९, ०.००७४. दर फेरीला साधारण निम्मा. मूळ तेच मिळतं, कारण `g` बरोबर आहे, पण खऱ्या न्यूटनची शेवटची झेप दिसत नाही. शेष एका ठरावीक गुणोत्तराने कमी होताना दिसला, की आधी `g'` ची ओळ तपासा.

अशी चूक अनेक महिने लपून राहू शकते. पाऊल नाकारण्याची सोय प्रोग्राममध्ये असेल, तर तो मुकाट्याने पाऊल लहान करत राहतो आणि उत्तर बरोबर येतं, फक्त भयंकर हळू.

पूर्ण कोड कसा दिसतो?

एका पावलाचा भाग:

```python
def step(y, h, tol=1e-10, kmax=8):
    z = y
    for k in range(1, kmax + 1):
        g  = z - y - h*(z**2 - z**3)
        dg = 1 - h*(2*z - 3*z**2)
        if dg <= 0:
            return None, k
        dz = -g/dg
        z += dz
        if abs(dz) < tol*(1 + abs(z)):
            return z, k
    return None, kmax
```

आणि बाहेरचं चक्र:

```python
t, y, h = 0.0, 0.02, 1.0
while t < 100:
    h = min(h, 100 - t)
    z, k = step(y, h)
    if z is None or abs(z - y) > 0.05:
        h /= 2
        continue
    t, y = t + h, z
    if k <= 4:
        h *= 1.5
```

`abs(z - y) > 0.05` ही अट ढोबळ आहे, पण तिच्यात दोन कामं होतात. एका पावलात ज्योत फार वाढली तर अचूकता गेली असं समजून पाऊल निम्मं होतं, आणि चुकून दूरच्या मुळावर उडी पडली तर तीही इथेच पकडली जाते. गंभीर कामासाठी तेच अंतर एकदा पूर्ण पावलाने आणि एकदा दोन अर्ध्या पावलांनी चालून फरक मोजावा. तो फरक म्हणजे चूक किती झाली याचा प्रामाणिक अंदाज असतो.

पाऊल नाकारलं की `t` आणि `y` दोन्ही जसेच्या तसे राहतात, हे `continue` मुळे साधतं. ती ओळ विसरलात तर `None` पुढे जातो, आणि पुढच्या फेरीत प्रोग्राम कोसळतो. तेही बरंच म्हणायचं, निदान चूक समोर येते.

एकाऐवजी अनेक समीकरणं असतील तर?

`g'` च्या जागी `I - hJ` हे मॅट्रिक्स येतं. `J` म्हणजे उजव्या बाजूंच्या आंशिक डेरिव्हेटिव्हचा जेकोबियन. भागाकाराऐवजी दर फेरीला एक रेषीय समीकरणसंच सोडवावा लागतो, आणि बहुतेक वेळ तिथेच जातो. म्हणून प्रत्यक्षात मॅट्रिक्सचं एलयू विभाजन एकदा करून ठेवतात आणि पुढच्या अनेक फेऱ्यांना, किंबहुना अनेक पावलांनाही, तेच वापरतात. तेव्हा शेष ठरावीक गुणोत्तराने उतरताना दिसेल आणि ती चूक नसेल. ते गुणोत्तर एक दशांशच्या आसपास असेल तर जुनं मॅट्रिक्स चालू द्या, निम्म्याच्या वर गेलं तर नवं काढा. आणि `h` बदलला की `I - hJ` सुद्धा बदलतं, त्यामुळे `J` जुना ठेवला तरी विभाजन पुन्हा करावं लागतं.